दहा सेकंदांत पिवळं

माझ्या नोकरीत मला दोनदाच ‘उद्धट’ असा शेरा मिळाला. दुसऱ्याचं सोडा, तो एका साहेबाच्या बायकोच्या बाळंतपणावरून होता. पहिला मात्र मी कमावलेला आहे आणि आजही कुणी विचारलं तर तोंड वर करून सांगते. एका विहिरीचं पाणी पिवळं झालं नाही, म्हणून मी ते पिवळं झाल्याचं लिहायला नकार दिला. एवढाच माझा गुन्हा.

ऐंशी सालानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. लाखनीच्या पुढे, हमरस्ता सोडून आत, दोन तलावांच्या मध्ये वसलेल्या गावात मी उपकेंद्राची नर्स होते. बाळंतपणं, लसी, गोळ्या हे माझं काम. विहिरीत औषध टाकून पाणी तपासायचं काम पुरुष आरोग्य कर्मचाऱ्याचं. तो बदली होऊन गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि त्याची लाकडी पेटी माझ्या टेबलावर येऊन पडली. वरून सांगितलं, बाई, तात्पुरतं बघा. सरकारी तात्पुरतं किती लांबतं ते नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको.

त्या पेटीत काचेच्या दोन-तीन नळ्या, रंगांशी ताडून बघायच्या काचा आणि तपकिरी बाटलीत ऑर्थोटोलिडीन. गावात सगळे त्याला ‘ओटी’च म्हणत. विहिरीत ब्लीचिंग पावडरचं पाणी सोडायचं, तासभर कुणाला पाणी काढू द्यायचं नाही, मग नळीत विहिरीचं पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं. म्हणजे जंतूंना मारून झालं, आणि पुन्हा घाण पडली तर तिच्यासाठी थोडा पहारा उरलाही. पिवळं झालं की रजिस्टरात ‘ओटी पॉझिटिव्ह’. नाही झालं की ‘निगेटिव्ह’, आणि पुन्हा पावडर.

आता आमच्या गावची पद्धत ऐका. गावात पिण्याच्या विहिरी दोन. एक पंचायतीच्या दारात, दुसरी तलावाच्या पाळीपलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, ढिवर मोहल्ल्यात. मोहल्ल्यातले लोक तलावात आणि नदीत मासे धरायचे, त्यांच्या बाया लाखनीच्या बाजारात विकायच्या. सरपंचांचा दंडक असा की नळी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय शिक्का नाही. आधीच्या एका कर्मचाऱ्यानं घरी बसून महिनाभराचे ‘पॉझिटिव्ह’ लिहिले होते म्हणे, तेव्हापासून हा दंडक. सरपंच माणूस कडक, पण लबाड नव्हता. फसवणूक होऊ नये म्हणूनच तो नळी मागायचा. आणि मोहल्ल्याच्या विहिरीवर तो स्वतः जायचा नाही. त्यामुळे मोहल्ल्याच्या विहिरीवर नळीत थेंब टाकायचे, अंगठ्यानं तोंड दाबायचं आणि पाळीवरून, मग धानाच्या बांध्यांमधून, चिखल चुकवत नळी पंचायतीत न्यायची. चांगली पंधरा-वीस मिनिटांची वाट. सरपंच नळी उजेडाकडे धरायचे, म्हणायचे, “पिवळी आहे. मार शिक्का.” चपराशी शिक्का मारायचा, मी सही करायची. तीन आठवडे मी हे केलं. जुना कर्मचारी असंच करायचा असं चपराश्यानं सांगितलं, आणि मी मान डोलावली.

श्रावण उतरता उतरता मोहल्ल्यात हगवण-ओकारी सुरू झाली. एका घरात, मग चार घरांत. मी सलाइनच्या बाटल्या खुंटीला टांगत, घरोघरी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगत फिरत होते. बैलगाडीतून लोक रोग्यांना हमरस्त्यापर्यंत आणायचे आणि तिथून मिळेल त्या ट्रकनं दवाखान्यात. दोन माणसं गेली. एक तान्हं मूल आणि एक म्हातारा ढिवर.

गावात मात्र फारसं काही नव्हतं. लोकांनी साधा हिशेब केला. पावडर तीच, टाकणारा चपराशी तोच, दोन्ही विहिरी पॉझिटिव्ह. मग मोहल्लाच आजारी का पडतो? तर ते मासे खातात, शिळे खातात, सडके खातात. झालं. पंचायतीनं ठराव केला, आजार थांबेपर्यंत मोहल्ल्याच्या बायांनी मासळी बाजारात बसायचं नाही. लाखनीत बातमी माझ्या सायकलपेक्षा आधी पोचली. तिथल्या बाजारातून त्या गेलेल्या म्हाताऱ्याच्या बायकोला टोपल्यासकट उठवलं. नवरा जाऊन तेरावं नुकतंच झालेलं, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, आणि चारचौघांत लोक म्हणाले, हिच्याच मासळीनं हिचा नवरा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ती मला विहिरीवर आडवी आली. उंच, काळीसावळी, नाकात जाडसर नथनी, आणि आवाज असा की बाजारातला सगळा गलका तिच्याखाली दबावा. मी थेंब टाकून नळी घेऊन निघाले होते. तिनं माझं मनगटच धरलं.

“कुठं चालली बाई नळी घेऊन?”

“पंचायतीत. सरपंचांना दाखवायची आहे.”

“आमची हीर, आमचं पानी. आमाले नाई दाखवत काहून? अठीच दाखव.”

मी हात सोडवायला बघत होते. ती सोडेना. शेवटी मी वैतागून नळी तिच्या नाकासमोर धरली. “घ्या, बघा!”

तिनं बघितलं. मीही बघितलं. पाणी पांढरं स्वच्छ होतं.

“पिवळं कुठं हाये?” ती म्हणाली. “तुमी तं सांगता पिवळं होते मनून. माह्या मासोळीनं मानूस मेला का ह्या पान्यानं, येवढं सांग मले. मंग जाय कुठं जाचं तिकडं.”

माझा संताप झाला. चिखलात उभं करून मला कुणी जाब विचारावा ही सवय मला नव्हती. मी तिला स्वच्छतेवर बोलले, ती मला नर्सबाईच्या पगारावर बोलली. मी म्हटलं मासळी झाकून ठेवत जा, ती म्हणाली तुमच्या गावचे लोक म्हशी कुठं धुतात ते पाहा आधी. खरंच, विहिरीला लागूनच उकिरडा होता आणि वरच्या अंगाला म्हशींचा उतार. पावसाचं पाणी कुठून कुठं जात असेल हे सांगायला नर्स लागत नव्हती. दहा-पंधरा मिनिटं आमची चांगलीच जुंपली. बाया घागरी घेऊन मजा बघायला उभ्या राहिल्या. बोलता बोलता माझी नजर नळीकडे गेली.

नळी पिवळी झाली होती.

“झाली पाहा!” मी म्हणाले खरी, पण ते माझं मलाच पटलं नाही. मघाशी का नव्हती? माझ्याकडे नाडी मोजायचं घड्याळ होतं, सेकंदकाटा असलेलं. मी नळी धुतली, पुन्हा पाणी घेतलं, थेंब टाकले आणि काट्याकडे बघत उभी राहिले. दहा सेकंद, काही नाही. एक मिनिट, काही नाही. पाच मिनिटांनी शंका यावी असा रंग. पंधरा मिनिटांनी ते ऐटबाज पिवळं, सरपंचांना आवडणारं.

मी पंचायतीत गेलेच नाही. उपकेंद्रावर येऊन ट्रंक उघडली आणि भंडाऱ्याला झालेल्या प्रशिक्षणाची वही शोधली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ओटी टाकल्यावर दहा सेकंदांच्या आत जो पिवळा रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा. पंधरा-वीस मिनिटांनी येतो त्यात बांधलेला क्लोरीनही धरला जातो. खाली रेघही मारली होती. पाण्यात शेणामुताची, सडलेल्याची घाण असली की क्लोरीन तिच्याशी बांधला जातो. असा बांधलेला क्लोरीन ओटीला सावकाश पिवळं करतो, पण जंतू मारायला तो फार लेचापेचा. म्हणजे गावातल्या विहिरीची नळी आम्ही दारातच वाचत होतो आणि तिथं खरा क्लोरीन होता. मोहल्ल्याच्या विहिरीची नळी पाळीवरून चालत यायची, वाटेत पिवळी व्हायची, आणि आम्ही त्या उशिरा आलेल्या रंगावर शिक्का मारत होतो. रेघ मारून लिहिलेलं मी विसरले होते.

संध्याकाळी रजिस्टरात मी लिहिलं: मोहल्ला विहीर, ओटी निगेटिव्ह. चपराश्यानं ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“बाई, हे का लिवलं जी? आपन तं रोज पावडर टाकून राहिलो.”

“किती टाकता?”

त्यानं एक पत्र्याचा डबा दाखवला. उन्हाळ्यातही एक डबा, आताही एक डबा. उन्हाळ्यात विहिरीत पुरुषभर पाणी नव्हतं, आता हात घालून घागर भरावी इतकं वर आलेलं. शिवाय पावडरचं पोतं तोंड उघडं ठेवून ओलसर कोपऱ्यात टेकवलेलं, म्हणजे तिची ताकदही हवेत चाललेली. पण त्याला बोलून काय उपयोग? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम आता माझं होतं. नवं पोतं पाठवा म्हणून आरोग्य केंद्राला चिठ्ठी धाडली, आणि तोवर पाणी उकळून प्या असं मोहल्ल्यात सांगून आले.

सरपंचांनी शिक्का मारला नाही. म्हणाले, “माह्या डोळ्यानं मी पिवळी पायली. तुमच्या लिवन्यानं गावाची बदनामी होते. जिल्ह्यावर कागद गेला तं मंग पाहून घ्या.” आणि चौथ्या दिवशी आरोग्य केंद्राचे डॉक्टर जीपनं आले. तरुण माणूस, साथीनं झोप उडालेला, डोळे लाल. वाईट नव्हते ते. पण वाईट नसलेली माणसंही सही बदलायला सांगतातच.

“बाई, नळी पिवळी होते की नाही?”

“होते. उशिरा.”

“होते ना? मग पॉझिटिव्ह लिहा. साथ चालू असताना निगेटिव्ह गेलं तर इतके दिवस आपण काय करत होतो हे विचारतील.”

“विचारू द्या.”

“पुस्तकात काय आहे ते मलाही माहीत आहे.”

“मग माझ्या जागी तुम्ही लिहा पॉझिटिव्ह, आणि खाली तुमची सही करा.”

पेन त्यांच्या खिशातच होतं. काढलं नाही. माझ्या शेऱ्यातला ‘उद्धट’ हा शब्द त्याच मिनिटाला जन्मला असणार. मी म्हटलं, नुसती सही नको, उद्या सकाळी पंचायतीत या. सरपंच मोहल्ल्यात येत नाहीत ना, मग मोहल्ल्याचं पाणीच त्यांच्या टेबलावर आणते.

रात्रभर मी एकच विचार केला. मोहल्ल्याचं पाणी आणलं आणि पिवळं झालं नाही, तर सरपंच म्हणणार क्लोरीन वाटेत उडून गेला. म्हणून सकाळी पावडर टाकून तास झाल्यावर मी चपराश्याला गावच्या विहिरीचं पाणी एका बाटलीत भरून, घट्ट बूच लावून दिलं आणि म्हटलं, ही घेऊन मोहल्ल्यापर्यंत चालत जायचं आणि माझ्याबरोबर परत यायचं. तो बिचारा हसला, “गावचं पानी फिराले नेऊन राहिलो का बाई?” फिरायलाच. मोहल्ल्याच्या विहिरीवरून मी दुसरी, तशीच बाटली भरली. मासळीवाली आमच्या मागोमाग निघाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि तिला थांबवायची कुणाची हिंमतही नव्हती. तिच्या मागे आणखी पाच-सात बाया.

पंचायतीत सरपंच, दोन-तीन सदस्य, डॉक्टर. दारात बाया. मी दोन नळ्या मांडल्या, दोन्हींत पाणी घेतलं. डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या घड्याळात तुम्हीच मोजा. गावच्या नळीत थेंब टाकले. त्यांनी चार म्हणेपर्यंत पिवळी. येऊन-जाऊन पाळीवरून फिरून आलेलं पाणी, तरी पिवळी. मग मोहल्ल्याची.

“दहा,” डॉक्टर म्हणाले. नळीत पाणी तसंच.

“वीस.” तसंच.

सरपंच खुर्चीत पुढं सरकले. “थांबा थोडं. येते ना पिवळं.”

“येईल,” मी म्हणाले. “थांबू.”

आम्ही थांबलो. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. हळूहळू रंग चढू लागला. पाव तास झाला तेव्हा दोन्ही नळ्या जवळपास सारख्या दिसत होत्या, आणि सरपंच टेबलावर हात मारून म्हणाले, “हे पाहा! आली का नाई!”

“आली. पण ही पिवळी नळी इतका वेळ कुठं होती, सरपंच? तुमच्या घरचं पाणी चार सेकंदांत पिवळं होतं. यांचं पाव तासानं. यांच्या पाण्यातला क्लोरीन घाणीशी झुंजण्यात संपला. जंतू मारायला मोकळा उरलाच नाही. तुम्ही इतके दिवस रंग पाहिलात. तो कधी आला ते पाहिलं नाही.”

मी डॉक्टरांकडे वळले. ते बोलले नसते तर मी काय केलं असतं माहीत नाही. पण ते बोलले. खाली बघतच, पण स्पष्ट: “बाई बरोबर सांगतात. ही निगेटिव्हच धरायची.”

सरपंचांनी दोन्ही नळ्या पुन्हा एकदा उजेडाकडे धरल्या. मग त्यांनी असं काही केलं की त्यांच्यावरचा माझा राग निम्मा उतरला. ते उठले, चपला घातल्या आणि पाळीच्या वाटेला लागले. मोहल्ल्यात त्यांनी विहिरीशेजारचा उकिरडा पाहिला, म्हशींचा उतार पाहिला आणि तिथंच गावच्या माणसांची नावं घेऊन शिव्या घातल्या. दुपारपर्यंत उकिरडा हलला. मी दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजली, विहिरीचा घेर मोजला, आणि नव्या पोत्यातली पावडर त्या हिशेबानं काढली. बादलीत तिची लापशी केली, पाणी घातलं, ढवळलं, चुना खाली बसू दिला, आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत सोडून खालीवर घुसळली. तासानं तपासलं. दहा सेकंदांत नाही. पुन्हा पावडर. पुन्हा तास. बाया घागरी घेऊन ताटकळत होत्या, आणि एकीलाही थांबा म्हणायची वेळ आली नाही. तिसऱ्या खेपेला थेंब पडले न पडले तोच नळी पिवळी झाली. मी मुद्दाम ती पंचायतीत नेली नाही. सरपंच तिथंच उभे होते.

आठवड्यानं नवे रोगी थांबले. मासळीवरचा ठराव सरपंचांनी स्वतः मागं घेतला आणि लाखनीच्या बाजारात एक माणूस पाठवून तसं सांगितलं. मी जिंकले होते. मला तसं वाटत होतंही.

मग डॉक्टरांचा निरोप आला. जुनं रजिस्टर पावसानं भिजलं असं दाखवू, नवं करू, आधीचे तीन आठवडे कोरे ठेवू. म्हणजे सरपंचही सुटतील, मीही सुटेन, आणि बाई, तुम्हीही सुटाल. खरं सांगते, मला मोह झाला. त्या तीन आठवड्यांत सरपंचांचा शिक्का होता, पण त्याच्या वर सही माझी होती. मी निरोप्याला म्हटलं, रजिस्टर कोरडं ठणठणीत आहे.

आणि ते घेऊन मी मोहल्ल्यात गेले. कुणी बोलावलं नव्हतं. मासळीवाली दारात टोपलं सावरत होती, बाजाराला निघाली होती. मी पानं उघडली. तिला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून सांगितलं: तुमचा म्हातारा आजारी पडला त्या दिवशी, पॉझिटिव्ह. दुसऱ्या दिवशी, पॉझिटिव्ह. गेला त्या दिवशी, पॉझिटिव्ह. पाणी चांगलं आहे असं लिहिणारी मी. तुमच्या मासळीनं नाही गेला तो.

तिनं सहीवर बोट फिरवलं. “हे तुयं नाव?”

“हो.”

तिनं टोपलं खाली ठेवलं आणि शांतपणे, बाजारातला तो आवाज कुठल्या कुठे गेलेला, म्हणाली, “तू त्या दिसी सांगून गेली होती, मीठ-साकरेचं पानी पाज, घोट घोट पाज, थांबू नोको मनून. उकळ मनून नाई सांगितलं. म्या रातभर पाजलं बाई. याच हिरीचं.”

मी उकळायला सांगितलं नव्हतं, कारण रजिस्टरात पाणी चांगलं होतं.